एलएच वाढला, प्रोजेस्टेरॉनही वाढलं, तरी फॉलिकल फुटलं नाही

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातून २७ वर्षांची एक बाई सासूला घेऊन माझ्याकडे आली. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल हवं म्हणून दीड वर्ष प्रयत्न चाललेले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली जाड फाइल. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

फाइल नीट होती. नवऱ्याची वीर्यतपासणी चांगली, तिचं थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, नळ्यांच्या एक्स-रे तपासणीत, म्हणजे एचएसजीत, दोन्ही नळ्या मोकळ्या. पाळी २८-२९ दिवसांनी, घड्याळ लावल्यासारखी. ऑगस्टमध्ये पाळीच्या एकविसाव्या दिवशी रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक ११.२ नॅनोग्रॅम आलं होतं, आणि त्या कागदावर कुणीतरी पेनाने लिहिलं होतं, ‘अंडं फुटतंय’. त्याखाली दोन रेघा.

सासूबाईंनी सरळ विचारलं, ‘‘मॅडम, पाळी ते येळवर येस. मंग अडकस कोठे?’’

प्रश्न बरोबर होता. त्याचं उत्तर शोधायला मला तीन महिने लागले, आणि त्यातला एक महिना माझ्याच चुकीने गेला.

आधी त्या दोन रेघांविषयी. आपण सगळे, डॉक्टरसुद्धा, ‘अंडं फुटलं’ असंच म्हणतो. फुटतं ते अंडं नव्हे. फुटतं ते फॉलिकल, म्हणजे स्त्रीबीज ज्याच्या आत वाढतं ती पाण्याने भरलेली पिशवी. बीज अख्खंच बाहेर पडतं, पडायलाच हवं. आणि प्रोजेस्टेरॉन वाढलं म्हणजे पिशवी फुटली, असं सिद्ध होत नाही. मेंदूखालच्या ग्रंथीतून येणाऱ्या एलएच या संप्रेरकाचा धक्का बसला आणि पिशवीच्या भिंतीतल्या पेशींनी आपलं काम बदललं, एवढंच ते सांगतं. भिंत उघडली की नाही, हा प्रश्न त्या आकड्याच्या कक्षेत येतच नाही. हे मला पाठ्यपुस्तकामुळे माहीत होतं. तरी फाइल चाळताना त्या दोन रेघांवर माझीही नजर समाधानाने सरकली, हे कबूल करते.

नोव्हेंबरची पाळी आली तेव्हा फॉलिक्युलर स्टडी सुरू केला. दुसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी केली. दोन्ही अंडाशयांत मिळून पंधरा लहान फॉलिकल, सगळ्यात मोठं पाच मिलिमीटरचं. ही मंडळी त्या महिन्यात जन्मलेली नसतात. अगदी बारीक अवस्थेतून निघालेल्या फॉलिकलला पूर्ण पिकायला साधारण ८५ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ तीन पाळ्या. नोव्हेंबरच्या मध्यावर जे फुटायला हवं होतं ते ऑगस्टच्या शेवटी, बोंडं नुकती भरत असताना, वाटेला लागलेलं होतं. त्यातल्या बीजाची गोष्ट तर आणखी जुनी. ही बाई स्वतः आईच्या पोटात असताना त्या बीजाने विभाजनाला सुरुवात केली, मध्येच थांबलं, आणि २७ वर्षं तसंच थांबून राहिलं.

पाळीच्या सुरुवातीला फॉलिकल वाढवणारं एफएसएच हे संप्रेरक थोडं वर जातं, तेवढ्यावर हे सगळे पंधरा जण पुढे सरकतात. मग एक जण बाकीच्यांना मागे टाकतो. कसा, ते समजून घेण्यासारखं आहे. फॉलिकलच्या भिंतीत दोन थर असतात. बाहेरच्या थीका थरात रक्तवाहिन्या असतात. तो एलएचच्या सांगण्यावरून अँड्रोजेन बनवतो, म्हणजे कच्चा माल. आतल्या ग्रॅन्युलोसा थरात रक्तवाहिन्या नसतात. तो एफएसएचच्या जोरावर त्या कच्च्या मालाचं इस्ट्रोजेन करतो. इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन बी वाढले की मेंदूखालची पियुषिका ग्रंथी एफएसएच कमी करते. एफएसएच कमी झालं की लहान फॉलिकलांची उपासमार होते आणि ती सुकतात. पुढे गेलेलं फॉलिकल मात्र एव्हाना कमी एफएसएचवर भागवायला शिकलेलं असतं, आणि दहा मिलिमीटरच्या आसपास त्याच्या आतल्या थरावरही एलएचचे ग्राहक, म्हणजे त्याचा निरोप झेलणारे रेणू, उगवू लागतात. या ग्राहकांवर पुढचं सगळं अवलंबून आहे. ते नसतील तर एलएच कितीही आला तरी आतला थर बहिराच.

आठव्या दिवशी उजव्या बाजूला ११ मिलिमीटरचं एक फॉलिकल उठून दिसलं. दहाव्या दिवशी ते साडेचौदा, बाराव्या दिवशी अठरा. रोज पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे नेहमीची चाल. गर्भाशयाचं अस्तर साडेआठ मिलिमीटर, त्यात तीन रेघा स्वच्छ. रक्तातलं इस्ट्रॅडिओल दहाव्या दिवशी १४५ पिकोग्रॅम होतं, बाराव्या दिवशी २६०.

या आकड्यात एक गंमत आहे. एरवी इस्ट्रोजेन पियुषिकेला ब्रेक लावतं. पण ते २०० पिकोग्रॅमच्या वर गेलं आणि जवळपास दोन दिवस तिथेच राहिलं, की तोच ब्रेक ॲक्सिलरेटर होतो. हायपोथॅलॅमसमधल्या किसपेप्टिन बनवणाऱ्या पेशी पियुषिकेला हुकूम देणाऱ्या जीएनआरएचला ढकलतात, पियुषिका त्याला जास्त संवेदनशील झालेली असते, आणि तिने साठवून ठेवलेला एलएच एकदम बाहेर पडतो. म्हणजे बीज तयार आहे हे मेंदूला फॉलिकलच कळवतं, आणि कळवण्याची भाषा म्हणजे इस्ट्रोजेनची पातळी आणि ती किती तास टिकली तो काळ. एक दिवस २०० होऊन खाली आली तर निरोप पोचत नाही.

तिला घरी वापरायला लघवीतल्या एलएचची पट्टी दिली होती. सकाळची पहिली लघवी नको, दुपारनंतर बघा, असं सांगितलं. एलएच बहुतेकदा पहाटेच्या सुमारास चढायला लागतो आणि लघवीत उतरायला काही तास घेतो. शेतातून चारला घरी आलं की करायची, असं ठरलं. बाराव्या दिवशी चारला तपासणीची रेघ फिकट होती. तेराव्या दिवशी चारला ती शेजारच्या कंट्रोलच्या रेघेपेक्षा गडद आली. तिने मोबाइलवर फोटो पाठवला, पट्टी कापसाच्या ढिगावर ठेवलेली. त्याच दिवशी संध्याकाळी शहरात येऊन रक्त दिलं. एलएच ४६. आठ दिवसांपूर्वी तो सहा होता.

एलएचची ही लाट चढायला लागल्यापासून फॉलिकल फुटेपर्यंत साधारण ३४ ते ३६ तास जातात. तिची लाट तेराव्या दिवशी पहाटे चढली असं धरलं, तर चौदाव्या दिवशी संध्याकाळी काम व्हायला हवं. चौदाव्या दिवशी सकाळी फॉलिकल २१ मिलिमीटर, ठीक. पंधराव्या दिवशी सकाळी मी प्रोब लावला तो रिकामी, चुरगळलेली पिशवी आणि गर्भाशयामागे थोडं पाणी दिसेल या अपेक्षेने. दिसलं ते २३ मिलिमीटरचं गोल, शाबूत फॉलिकल. मागे पाण्याचा थेंब नाही. सोळाव्या दिवशी २६, आणि आता आतलं काळं पाणी स्वच्छ राहिलं नव्हतं. बारीक जाळी दिसत होती, भिंत जाड झालेली. अठराव्या दिवशी ३१. विसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन ९.८. अठ्ठाविसाव्या दिवशी पाळी.

एकाच दिवशी सोनोग्राफी केली असती तर यातलं काहीही छातीठोकपणे सांगता आलं नसतं. फुटलेलं फॉलिकलसुद्धा एक-दोन दिवसांत रक्ताने भरून पुन्हा गोल, जाळीदार दिसू शकतं. मधला रिकामा क्षण बघायचा राहिला, तर फुटलेल्याला न फुटलेलं म्हटलं जातं. म्हणून लाटेनंतरचे तीन दिवस रोज बघायचं. तिच्या फॉलिकलचा आकार एकदाही कमी झाला नाही, हाच खरा पुरावा. याला ल्युटिनाइज्ड अनरप्चर्ड फॉलिकल म्हणतात, आम्ही थोडक्यात एलयूएफ. निरोगी बाईतही एखाद्या महिन्यात हे होऊ शकतं, त्यामुळे एका महिन्यावरून शिक्का मारायचा नसतो.

डिसेंबरमध्ये माझा अंदाज असा होता की लाट कमी पडत असावी. कधी लाट उठते पण पुरेशी उंच जात नाही किंवा लवकर ओसरते. ती नीट भरली असेल तर चढण, वरचं पठार आणि उतरण मिळून जवळपास ४८ तास टिकते. ४६ हा आकडा एका क्षणाचा. त्यावरून पूर्ण लाट कळत नाही. म्हणून फॉलिकल १९ मिलिमीटर झाल्यावर, घरच्या पट्टीची रेघ गडद होण्याआधीच, एचसीजीचं १०,००० युनिटचं इंजेक्शन दिलं. एचसीजी एलएचच्याच ग्राहकाला चिकटतं आणि शरीरात कितीतरी जास्त वेळ टिकतं, त्यामुळे लाट अपुरी असल्याची शंका त्याने मिटते. साधारण ३६ ते ४० तासांत फॉलिकल फुटायला हवं.

४० तासांनी, शाबूत. ६४ तासांनी २७ मिलिमीटर, पुन्हा तीच जाळी.

वाईट वाटलं, पण या महिन्याने एक गोष्ट पक्की केली. निरोप पोचत होता. दोन्ही वेळा प्रोजेस्टेरॉन वाढलं म्हणजे ग्राहकही जागे होते. अडचण निरोपाच्या पुढे, भिंतीत होती. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी बाहेर वाढण्याच्या एंडोमेट्रिओसिस या आजारात किंवा जुन्या जंतुसंसर्गाच्या चिकटणीतही एलयूएफ जास्त दिसतं. पण तिची पाळी दुखत नव्हती, सोनोग्राफीत अंडाशय सहज सरकत होतं, नळ्या मोकळ्या होत्या. तेव्हा मी पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न पुन्हा विचारला, ‘‘ताई, कुठलं औषध चालू आहे का?’’ ती पुन्हा ‘नाही’ म्हणाली. सासूबाईंनी तिची री ओढली आणि वर जोडलं, ‘‘औषध काहीच नही, मॅडम. कंबरनी गोयी लेस तेवढीच.’’

कंबरेची गोळी. ओटी कमरेला बांधून दिवसभर वाकून कापूस वेचायचा, ओटी भरत जाते तसा भार वाढतो, आणि संध्याकाळी पाठ सरळ होत नाही. गावातल्या दुकानातून डायक्लोफेनॅक ५० मिलिग्रॅमची पट्टी मिळते. सकाळी एक, रात्री एक, ऑक्टोबरपासून रोज. पावसाळ्यात निंदणीच्या दिवसांतही घेत होती. खेड्यात गोळी आणि औषध या दोन वेगळ्या वस्तू आहेत. औषध म्हणजे डॉक्टरने दिलेलं, कोर्स असलेलं. गोळी म्हणजे चहासारखी. मी ‘औषध’ विचारलं, त्यांनी खरं उत्तर दिलं. चूक प्रश्नाची होती.

आता ती गोळी अंडाशयात काय करते ते पाहू. एलएच ग्रॅन्युलोसा पेशींवर बसला की दोन वेगळी कामं सुरू होतात. पहिलं काम त्या पेशींनी इस्ट्रोजेन सोडून प्रोजेस्टेरॉन बनवायला लागायचं. आतल्या आणि बाहेरच्या थरामधला पडदा विरतो, बाहेरच्या रक्तवाहिन्या आत घुसतात. सोळाव्या दिवशी दिसलेली जाळी आणि जाड भिंत या कामाची खूण. याला प्रोस्टाग्लँडिन हे पेशींनी जागीच बनवलेलं रसायन लागत नाही.

दुसरं काम भिंत उघडण्याचं. पुष्कळांची समजूत अशी की फॉलिकल फुग्यासारखं ताणून ताणून फुटतं. तसं होत नाही, आतला दाब फारसा वाढत नाही. खान्देशात तरी हे समजावणं सोपं आहे: बोंड दाबाने फुटत नाही, शिवणी सैल होतात म्हणून उकलतं. फॉलिकलचंही तसंच. अंडाशयाच्या पृष्ठभागाला टेकलेल्या त्याच्या टोकाशी भिंतीतलं कोलॅजेन तोडणारी एन्झाइम काम करू लागतात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो, टोक पातळ आणि फिकट होतं, आणि एका बिंदूपाशी उघडतं. एन्झाइमांना कामाला लावण्यात प्रोजेस्टेरॉनचाही वाटा आहे, पण त्याच्या जोडीला प्रोस्टाग्लँडिन लागतंच. एलएच आल्यावर काही तासांत ग्रॅन्युलोसा पेशी प्रोस्टाग्लँडिन तयार करणारं कॉक्स-२ नावाचं एन्झाइम भराभर बनवतात, आणि फुटण्याच्या आधी फॉलिकलच्या पाण्यात प्रोस्टाग्लँडिन ई-२ खूप वाढलेलं असतं.

डायक्लोफेनॅक हेच कॉक्स-२ बंद करतं. कंबर दुखायची थांबते ती त्यामुळेच. गोळीला कंबर आणि अंडाशय यांत फरक कळत नाही. पहिलं काम चालू राहिलं, दुसरं अडलं. म्हणून पाळी वेळेवर, प्रोजेस्टेरॉन उत्तम आणि बीज आतच. माझं एचसीजीचं इंजेक्शन वाया का गेलं, तेही आता उलगडलं. दार आतून अडसर घालून बंद होतं, आणि मी बाहेरून आणखी जोरात कडी वाजवत होते.

बीजाचं त्या वेळी काय चाललेलं असतं, तेही सांगायला हवं. एलएच बीजाशी थेट बोलत नाही. बीजावर त्याचा ग्राहक नसतो, आणि बीजाला वेढून असलेल्या क्युम्युलस पेशींवरही तो फारसा नसतो. भिंतीतल्या पेशी एलएच ऐकतात आणि ॲम्फिरेग्युलिन, एपिरेग्युलिन अशी प्रथिनं सोडून क्युम्युलस पेशींपर्यंत बातमी पोचवतात. एवढी वर्षं आजूबाजूच्या पेशी बीजाला ‘थांब’ असा रासायनिक इशारा सतत पुरवत होत्या. आता तो पुरवठा तुटतो. बीज थांबलेलं विभाजन पुढे नेतं, अर्धी गुणसूत्रं एका छोट्या पेशीत बाहेर टाकतं आणि शुक्राणूची वाट पाहत पुन्हा थांबतं. भोवतीच्या पेशी हायल्युरॉनचा चिकट थर बनवून फुलतात. नळीच्या झालरीला बीज उचलता येतं ते या चिकट गोळ्यामुळे. हा गोळा नीट फुलायलाही प्रोस्टाग्लँडिनची मदत होते, म्हणजे गोळीने अडणारी ही आणखी एक जागा.

जानेवारीची पाळी सुरू झाली त्या दिवसापासून डायक्लोफेनॅक बंद केलं. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० मिलिग्रॅम, कारण कॉक्सवरचा त्याचा परिणाम अशा ठिकाणी कमजोर असतो. रात्री शेक, आणि ओटी अर्धी भरली की रिकामी करायची. वेचणी तशीही शेवटच्या फेरीवर आली होती. एचसीजी दिलं नाही. एका महिन्यात दोन गोष्टी बदलल्या तर कुठली लागू पडली ते कळत नाही.

या वेळी डाव्या बाजूला फॉलिकल वाढलं. बाराव्या दिवशी साडेसतरा, तेराव्या दिवशी दुपारी पट्टीची रेघ गडद, चौदाव्या दिवशी २०.५. पंधराव्या दिवशी सकाळी नऊला प्रोब लावला आणि आधी फॉलिकल सापडेचना. मग दिसलं, १३ मिलिमीटरचं, कडा वेड्यावाकड्या, आत थोडं धुरकट. गर्भाशयामागे पाण्याची पातळ चंद्रकोर. विसाव्या दिवशी प्रोजेस्टेरॉन १३.१. ऑगस्टचे ११.२, नोव्हेंबरचे ९.८ आणि हे १३.१ नुसते शेजारी मांडले तर कुठल्या महिन्यात बीज बाहेर आलं ते कुणालाही ओळखता यायचं नाही.

फेब्रुवारीतही फॉलिकल फुटलं, तेही पंधराव्या दिवशी. दोन्ही महिन्यांत पाळी मात्र आली. ते अनपेक्षित नव्हतं. सगळं जुळलं तरी प्रत्येक महिन्यात गर्भ राहत नाही, आणि दीड वर्षाचं सगळं खापर मी गोळीवर फोडणार नाही. वर्षातले काही महिने ती गोळी घेत नव्हती, आणि त्या महिन्यांत काय झालं ते कुणी पाहिलेलं नाही. न फुटलेली दोन आणि गोळी थांबवल्यावर फुटलेली दोन, एवढंच माझ्या कागदावर आहे. त्यातही एखादा योगायोग असू शकतो.

मार्चमध्ये ती एकटीच आली. तिचा प्रश्न व्यवहाराचा होता: पुढच्या हंगामात कंबर दुखणारच, मग गोळी अजिबात घ्यायचीच नाही का? तिला सांगितलं ते असं. पाळीच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत एखादी घेतली तर फॉलिकलला फरक पडत नाही. तेव्हा ते पाच मिलिमीटरचं असतं आणि डायक्लोफेनॅक एका दिवसात शरीरातून निघून जातं. आठव्या दिवसापासून मात्र बंद, ते पट्टीची रेघ गडद झाल्यावर तीन दिवस उलटेपर्यंत. त्यानंतरही मूल हवं असलेल्या महिन्यात गोळीपासून लांब राहिलेलं बरं, कारण गर्भ रुजण्याच्या वेळेलाही प्रोस्टाग्लँडिन लागतं. संधिवातासाठी जिला रोज अशी गोळी लागते, तिने मात्र माझं हे वेळापत्रक उचलू नये. आधी तिच्या डॉक्टरांना विचारावं, सांध्यांचा हिशेब वेगळा असतो.

तिने फाइलमधला ऑगस्टचा कागद काढला, दोन रेघांवाला, आणि त्याच्या पाठीवर ते दिवस लिहून घेतले.